तो रुमाल आधी काढ

"मावशी, माझं दुसरं सिझर होऊन आज १० दिवस झाले, माहेरी आहे. परवा बारसं आहे. सासूबाईंना ते त्यांच्याकडेच हवंय, १०० माणसांना आमंत्रणं गेलीत. आई म्हणते बाळंतिणीला दोन तासांचा प्रवास नको. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत आणि नवरा म्हणतो तुमचं तुम्ही ठरवा. आईने माझं इतकं केलंय की तिचं मन मोडवत नाही. मोठा ३ वर्षांचा आहे, कडेवर घे म्हणून रडतो, मग कधीकधी घेते. बाकी तब्येत ठीक आहे, गोळ्या चालू आहेत, ताप नाही. टाक्यांच्या डाव्या टोकाला जरा ओलं लागतं म्हणून आई रुमालाची घडी ठेवून वरून पट्टा आवळते. मी अजून टाके बघितलेच नाहीत, भीती वाटते. बारसं कुठे करू? कोणाला दुखवू?"

रुमाल दिवसातून किती वेळा बदलते आई? आणि काढलेल्या रुमालावर डाग कसला असतो, पाण्यासारखा, गुलाबीसर, की पिवळा? वास येतो का? ही उत्तरं तुझ्या आईकडे आहेत आणि तुझ्याकडे नाहीत, आणि तुझं पत्र वाचून मला राग आला तो सासूबाईंचा नाही, नवऱ्याचाही नाही, त्या रुमालाचा आला. बारसं राहू दे बाजूला. हे वाचून झालं की जिथे सिझर झालं तिथे फोन लाव, सांग की आज दहावा दिवस आहे आणि जखमेतून ओलं येतंय, आणि आज संध्याकाळच्या आत जाऊन दाखवून ये. बारसं झाल्यावर जाते असं अजिबात नको.

का ते सांगते, म्हणजे आईलाही सांगता येईल. सिझरच्या जखमेची वरची कातडी फार लवकर मिटते, एकदोन दिवसांतच कडा एकमेकींना चिकटतात, म्हणून तर पट्टी काढून अंघोळ करू देतात. दहाव्या दिवशी ती रेघ कोरडी असायला हवी. थोडी खाज, थोडी बधिरता, रेघेच्या लगत किंचित गुलाबी रंग, हे चालतं. ओलं चालत नाही. ओलं लागतंय म्हणजे बहुतेक कातडीखाली काहीतरी साठलंय आणि ते वाट काढतंय. कधी ते नुसतं पाणी असतं, कातडी आणि आतल्या थराच्या मधे चरबीत साठलेलं, त्याला वास नसतो. कधी जुनं रक्त असतं, आणि कधी पू. सुरुवातीला घरी बसून यातला फरक ओळखता येतोच असं नाही, आणि साधं पाणीसुद्धा साठून राहिलं की त्यात जंतू वाढायला जागा मिळते. जखमेचं इन्फेक्शन बऱ्याचदा हॉस्पिटलातून घरी आल्यावरच दिसायला लागतं, साधारण चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास, म्हणजे डिस्चार्ज देताना सगळं छान होतं हे खरं असलं तरी आज त्याचा उपयोग नाही.

आता "ताप नाही" हे जे तू लिहिलंयस ना, त्यावर मी अजिबात विश्वास ठेवणार नाही. तुझ्या गोळ्यांत बहुतेक पॅरासिटामॉल असणार, ती दुखण्याचीही गोळी आहे आणि तापाचीही. दर सहा तासांनी ती घेत असशील तर ताप आला तरी दबून राहणार. त्यामुळे थर्मामीटर लावायचा तो पुढची गोळी घ्यायच्या आधी, आणि १००.४ किंवा वर गेला तर तो ताप. दुखण्याचंही तसंच, ते रोज थोडं थोडं उतरायला हवं. पाचव्या दिवशी कमी होतं आणि आठव्या दिवशी परत एका जागी ठसठसायला लागलं, हात लावला की ती जागा गरम लागते, टणक लागते, हे मला तापापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणि म्हणून घाबरून गोळ्या बंद करू नकोस. बाळंतिणी दुधात उतरेल म्हणून गोळी टाळतात आणि मग दुखतं म्हणून हलत नाहीत, खोल श्वास घेत नाहीत, खोकला दाबून ठेवतात. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन दोन्ही दुधात अगदी थोडी उतरतात, अंगावर पाजताना चालतात. फक्त आयब्युप्रोफेन जेवणानंतर, आणि तुला बीपी, दमा, किडनीचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. पॅरासिटामॉल दिवसभरात ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये, ६५० ची गोळी असेल तर चार वेळा घेतली तरी आत बसते. पण आपल्याकडे दोन औषधं एकत्र केलेल्या गोळ्या फार मिळतात, तेव्हा स्ट्रिपच्या मागचं वाच, नाहीतर दोन वेगळ्या नावांखाली तेच पॅरासिटामॉल पोटात जातं.

आता आईबद्दल. तिने रात्री जागवल्या असतील, अळिवाचे लाडू केले असतील, मला सगळं मान्य आहे. पण ओल्या जखमेवर घरातला रुमाल आणि वर घट्ट पट्टा हे चुकीचं आहे आणि ते आजच थांबायला हवं, तिचं मन मोडलं तरी. पोटाची घडी आधीच त्या रेघेवर पडते, तिथे घाम साठतो, त्यात ओलं कापड दाबून ठेवलं की दिवसभर ती जागा भिजत राहते. ओलं दिसू नये म्हणून कापड ठेवलं की ते किती वाढलं हेही कळत नाही. पट्टा मुळातच वाईट नाही, इलॅस्टिकचा पट्टा उठताबसता पोटाला आधार देतो आणि काहीजणींना बरं वाटतं, पण तो कोरड्या जखमेवर, आडवं झालं की सोडून. आज डॉक्टर बघेपर्यंत नकोच. तोवर वाहून येणारं टिपायला मेडिकलमधला निर्जंतुक गॉज वापर, न आवळता, ओला झाला की हात धुऊन बदल.

आणि शेकशेगडी चालू असेल तर पोटावर शेक मुळीच नको. रेघेच्या आजूबाजूची कातडी काही महिने बधिर असते, चटका बसतोय हे तुला कळणारच नाही. हळद, तेल, पावडर हेही जखमेला लावू नका. पाणी लागलं तर चालतं, अंघोळ कर, साबणाचं पाणी वरून वाहू दे, चोळू नको, आणि स्वच्छ पंच्याने टिपून घडीच्या आतली जागा पूर्ण कोरडी कर.

माझ्या भाचीचं सांगते. तिचंही डावं टोकच होतं. आठव्या दिवशी गाउनला रुपयाएवढा डाग. घरच्यांनी हळद दाबली, मेडिकलमधून कोणीतरी सांगितलेली अँटिबायोटिक तीन दिवस दिली. डाग बंद झाला म्हणून सगळे खूश. तो बंद झाला नव्हता, वरचं छिद्र मिटलं होतं आणि पू आत कोंडला होता. बाराव्या दिवशी रात्री हुडहुडी भरून ताप, लाली मांडीच्या सांध्यापर्यंत. टाके उघडावे लागले, चार बोटं रुंद जखम, आणि ती पुन्हा शिवली नाही, खालून वर आपोआप भरू दिली, रोज ड्रेसिंग, तीन आठवडे. कातडीखाली साठलेलं बाहेर काढल्याशिवाय नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, एवढंच त्या घराला कोणी सांगितलं नव्हतं. डिस्चार्जच्या कागदावर इंग्रजीत तीन ओळी होत्या, त्या कोणी वाचल्या नाहीत.

तू आठव्या नाही तरी दहाव्या दिवशी जातेयस. डॉक्टर काय करतील तर दाबून बघतील, गरज वाटली तर त्या टोकाचा टाका थोडा मोकळा करून साठलेलं काढतील, सलाइनने धुतील, नमुना तपासायला पाठवतील म्हणजे कुठली अँटिबायोटिक लागू पडेल ते कळतं. नुसतं पाणी असेल तर कदाचित एक ड्रेसिंग करून घरी. अंगावर पाजतेस हे सांग, पाजताना चालणाऱ्या अँटिबायोटिक आहेत, दूध तोडायची सहसा गरज पडत नाही. शुगर होती का गरोदरपणात? असली तर तेही आठवणीने सांग, शुगर जास्त असली की जखम भरायला वेळ लागतो.

जायच्या आधी एक काम कर, भीती वाटली तरी. बाथरूममधे आरसा घे नाहीतर मोबाईलने फोटो काढ, आईने पोट हळूच वर धरायचं. लाली दिसली तर तिच्या कडेला बॉलपेनने रेघ मार. रेघेच्या बाहेर लाली गेली तर कळेल. आणि आजपासून रोज एक फोटो, तूच काढायचा, आईने नाही. जखम तुझ्या अंगावर आहे.

जाईपर्यंत अचानक खूपसं गुलाबी पाणी एकदम वाहिलं, किंवा कडा उघडून आतलं दिसायला लागलं, तर स्वच्छ कापड हलकेच ठेवून, काही न खाता, थेट हॉस्पिटल गाठ, फोन करत बसू नको. हुडहुडी, धाप, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, यालाही तेच.

मोठ्याला कडेवर घेणं बंद. ३ वर्षांचं पोर १३-१४ किलोचं असतं. डॉक्टर म्हणतात बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, साधारण सहा आठवडे, ते कातडीसाठी नाही. पोटाच्या स्नायूंवर एक जाड पडदा असतो, सिझरमधे तो कापून शिवतात, आणि त्याला ताकद यायला कातडीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. तुझा तर दुसऱ्यांदा त्याच जागी कापलाय. वरून छान दिसतं तेव्हाही आत दोऱ्यावरच सगळं असतं. पाण्याची भरलेली बादली म्हणजे १५-२० किलो, तीही नको. पोराला सांग पलंगावर चढ, तू भिंतीला टेकून बस, पोटावर उशी घे, मग त्याला कुशीत घे. त्याला कड नको असते गं, तू हवी असतेस. पलंगावरून उठताना सरळ नको, आधी कुशीवर वळ, पाय खाली सोड, हाताने रेटून ऊठ.

बारशाचं म्हणशील तर परवा तू कुठेच जात नाहीस, आणि हे सासूबाईंना तुझ्या नवऱ्याने सांगायचं, आज, तुला हॉस्पिटलात घेऊन जाताना गाडीतून. बारसं तेराव्या दिवशीही होतं, सव्वा महिन्यानेही होतं.

डिस्चार्जचा कागद, गोळ्यांच्या स्ट्रिपा आणि बाळ, तिन्ही बरोबर ने, तिथे वेळ लागला तर पाजायला अडचण नको. आल्यावर मला दोन ओळी टाक, पाणी होतं की पू, एवढंच कळव.