हजार सबस्क्रायबर झाल्यावर आभाराच्या व्हिडिओत काय बोलावे?

प्रश्न: माझ्या यूट्यूब चॅनलचे एक हजार सबस्क्रायबर होत आले आहेत. आभाराचा छोटा व्हिडिओ करायचा आहे, पण तो नाटकी वाटायला नको. स्क्रिप्ट कशी लिहू?

उत्तर: प्रेक्षकांनी केलेल्या कोणत्या एका गोष्टीबद्दल आभार मानायचे, हे आधी ठरवा. ‘तुमच्या प्रेमाशिवाय हे शक्य नव्हते’ हे वाक्य कोणत्याही चॅनलवर खपते आणि म्हणूनच ऐकणाऱ्याला ते आपल्यासाठी आहे असे वाटत नाही. याउलट एखाद्या प्रेक्षकाच्या प्रश्नामुळे तुमच्या व्हिडिओंमध्ये खरोखर काही बदलले असेल, तर ते सांगणे म्हणजेच आभार मानणे होय. ही गोष्ट शोधायला सबस्क्रायबरांची यादी उपयोगाची नाही, कारण यूट्यूब स्टुडिओमधल्या त्या यादीत फक्त ज्यांनी आपले सबस्क्रिप्शन सार्वजनिक ठेवले आहे तेच दिसतात. त्यापेक्षा जुन्या कॉमेंट निवांत वाचा आणि कौतुकाच्या बाजूला ठेवून अडचण सांगणाऱ्या कॉमेंट तेवढ्या वेगळ्या काढा.

माझी आत्या इंदूरला रामबागेत राहते आणि घरच्या पदार्थांचे चॅनल चालवते. व्हिडिओचे संपादन मी करतो. तिच्या हजाराच्या व्हिडिओसाठी आम्ही दोघांनी बसून जो मजकूर तयार केला, तो पूर्ण देतो. त्यातले जिरावन म्हणजे इंदूरकडे पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला:

> नमस्कार. आज ओट्यावर काही नाही, मला फक्त मिनिटभर बोलायचंय. आपल्या चॅनलचे एक हजार सबस्क्रायबर झाले.
>
> पोह्यांचा व्हिडिओ टाकला होता, तेव्हा नाशिकच्या एका ताईंनी खाली लिहिलं, ‘काकू, वरून जिरावन घाला म्हणता, पण आमच्या इथे ते मिळत नाही, मग काय करू?’ मी जन्मभर इंदूरची. जिरावनाशिवाय पोहे खाणारी माणसं असतात, हे माझ्या ध्यानातच येत नव्हतं. मग घरी जिरावन कसं करायचं ते दाखवलं, आणि तेव्हापासून इथली एखादी वस्तू तुमच्याकडे मिळत नसेल तर काय घालायचं, ते प्रत्येक व्हिडिओत सांगते. ही सवय मला तुम्ही लावलीत. त्याबद्दल मनापासून आभार.
>
> दर आठवड्याला व्हिडिओ करणं मला जमत नाही, पुढेही जमेलसं वाटत नाही. महिन्याला दोन करीन, पण नीट करीन.
>
> तुमच्या गावात काय मिळत नाही, ते खाली लिहा. पुढचा व्हिडिओ त्यातूनच निवडते. बरंय, येते.

हजार हा आकडा यात एकदाच येतो. बहुतेक जण तो चार-पाच वेळा उच्चारतात, त्यावर फुगे आणि टाळ्यांचा आवाज चढवतात आणि मग व्हिडिओ आकड्याचाच होऊन बसतो. नाशिकच्या ताईंचे नाव मुद्दाम घेतलेले नाही. त्यांच्याच कॉमेंटला उत्तर देऊन आत्याने आधी विचारले होते, आणि ‘सांगा, पण नावाशिवाय सांगा’ असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांचे वाक्य आम्ही जसेच्या तसे ठेवले. त्यात मीठमसाला घातला असता तर लिहिणाऱ्या व्यक्तीला ते पहिल्यांदा खटकले असते, आणि असे व्हिडिओ शेवटपर्यंत पाहणाऱ्यांत हीच माणसे अधिक असतात.

‘मला जमत नाही’ या वाक्यावर आमचा बराच खल झाला. आनंदाच्या प्रसंगी असे कशाला बोलायचे, असे आत्याचे मत होते. माझे म्हणणे असे की आभाराच्या भरात माणूस दर शुक्रवारी नवा व्हिडिओ देण्याचे वचन देऊन बसतो आणि पुढच्याच महिन्यात त्या वचनाची आठवण करून देणाऱ्या कॉमेंट येऊ लागतात. जेवढे आजवर सहज करत आला आहात, तेवढेच कबूल करा. शेवटी ‘लाइक करा, शेअर करा, सबस्क्राइब करा’ हे घालू नये, कारण पाहणाऱ्यांतल्या बहुतेकांनी ते केलेलेच असते. त्यांना एका ओळीत उत्तर देता येईल असा प्रश्न विचारलेला बरा.

पैशांचा विषय तुमच्याही मनात असेल. हजाराचा टप्पा जाहिरातींच्या उत्पन्नाशी जोडलेला आहे, हे पुष्कळ प्रेक्षकांना ठाऊक असते, पण हजार झाले म्हणजे लगेच कमाई सुरू झाली, असे होत नाही. त्यासोबत गेल्या १२ महिन्यांत ४,००० तासांचे सार्वजनिक वॉच टाइम किंवा गेल्या ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज लागतात, आणि शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेला वेळ त्या ४,००० तासांत धरला जात नाही. हे सगळे व्हिडिओत समजावून सांगू नये. कोणी कॉमेंटमध्ये विचारलेच, तर तास भरलेत की नाहीत ते एका वाक्यात खरे खरे सांगून टाकावे.

चित्रीकरण आकडा गाठण्याआधी करून ठेवायला हरकत नाही, अपलोड मात्र थोडे थांबून करा. बंद झालेली आणि बनावट खाती यूट्यूब अधूनमधून काढून टाकते, त्यामुळे आज १,००१ दिसणारा आकडा उद्या ९९७ वर येऊ शकतो आणि व्हिडिओ फजितीचा ठरतो. हजाराच्या पुढे चॅनलच्या पानावर गोळाबेरीज केलेला आकडा दिसतो, म्हणून नेमकी संख्या स्टुडिओत बघावी. ती वीस-पंचवीसने पुढे गेली की निर्धास्तपणे व्हिडिओ टाकावा.

लांबीचा अंदाज कागदावर येत नाही. वरचा मजकूर आत्याच्या संथ बोलण्यात सव्वा मिनिटाच्या आसपास बसतो, तुमचा वेग वेगळा असेल. म्हणून मोबाइलवर घड्याळ लावून मोठ्याने वाचा आणि जिथे जीभ अडखळते ते शब्द बदला. ‘आपण दर्शविलेल्या विश्वासाबद्दल मी ऋणी आहे’ असे वाक्य पत्रात शोभते, स्वयंपाकघरात उभे राहून बोलताना मात्र ते परके वाटते. पाठ झाल्यावर पूर्ण मजकूर समोर धरू नका, कारण वाचणाऱ्याचे डोळे ओळीबरोबर सरकताना कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतात. आम्ही मोबाइलच्या भिंगाशेजारी एक चिठ्ठी चिकटवली होती आणि तिच्यावर पोहे, जिरावन, महिन्याला दोन, काय मिळत नाही, एवढेच शब्द होते. दोन वाक्ये मागेपुढे झाली, ती तशीच राहू दिली. सुरुवातीला फिरत येणारा चॅनलचा लोगोही या व्हिडिओपुरता काढून टाका. मिनिटभराच्या बोलण्यापुढे तो फारच लांब वाटतो.

एक तांत्रिक बाब चित्रीकरणाच्या वेळीच ध्यानात असू द्या. दुसऱ्या व्हिडिओकडे नेणारी एंड स्क्रीन शेवटच्या ५ ते २० सेकंदांत लावता येते आणि त्यासाठी व्हिडिओ किमान २५ सेकंदांचा असावा लागतो. ‘येते’ म्हणताक्षणी कॅमेरा बंद केला, तर ती चौकट तुमच्या चेहऱ्यावर किंवा शेवटच्या वाक्यावर चढते. त्यामुळे बोलणे संपल्यावर सात-आठ सेकंद तसेच उभे राहा आणि चौकटीसाठी एका बाजूची भिंत मोकळी सोडा. त्या जागी सर्वांत नवा व्हिडिओ आपोआप येऊ देण्याऐवजी, ज्याचा उल्लेख तुम्ही आत्ताच केला तो व्हिडिओ स्वतः निवडून लावा. आत्याच्या बाबतीत तो जिरावनाचा होता.