थांबताय तर थांबतो म्हणून सांगा

प्रश्न: माझं छोटं यूट्यूब चॅनल आहे. घरच्या अडचणीमुळे दोन-तीन महिने थांबावं लागणार. लोक तुटणार नाहीत असं कसं सांगू? खरं कारण सांगावं का?

सांगावं, एका वाक्यात. एवढं लिहून उठणार होतो, पण या विषयावर माझं आणि मेहुण्याचं अजून वाजते.

माझं कापसाचं चॅनल, यवतमाळकडलं. मागच्या ऑक्टोबरात ऐन वेचणीच्या तोंडावर बाबा बंडीवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. दवाखाना नागपूरला, कापूस वावरात, मी एकटा. एडिटिंग मेहुणा करून देते, तो म्हणे भाऊजी, बंद आहे म्हणून सांगूच नका, लोक पळतात, जुनेच व्हिडिओ नवं थंबनेल लावून टाकत राहू. ऐकलं बावा त्याचं. दुसऱ्याच व्हिडिओखाली एकानं लिहिलं, "दादा, तुमची पऱ्हाटी गुडघ्याएवढी कशी? आमच्याकडे बोंडं फुटली." शेतकऱ्याला काय फसवता! मग इन्स्टाग्रामला स्टोरी टाकली, "काही वैयक्तिक कारणामुळे". ती चोवीस तासांत गायब, आणि कारणच नाही म्हटल्यावर लोकांनी आपापलं कारण लावलं, कोणी म्हणे बियाण्यावाल्यांनी विकत घेतला याला.

शेवटी पऱ्हाटीत उभं राहून चाळीस सेकंद बोललो, म्युझिक नाही काही नाही. "बाबांचं खुब्याचं ऑपरेशन झालं, वेचणी माझ्यावर आहे. नवीन व्हिडिओ जानेवारीत. 1 डिसेंबरला दोन ओळी टाकून कळवतो. अळीचं विचारायचं असेल तर खाली लिहा, रविवारी पाहतो." यातली कामाची तारीख 1 डिसेंबर, जानेवारी नव्हे. घरच्या दुखण्यात परतायची तारीख पाळणं आपल्या हाती नसते, दोन ओळी लिहिणं असते. 1 तारखेला घरातल्या कापसाच्या गंजीचा फोटो टाकला आणि लिहिलं, फेब्रुवारी होईल. कोणी रागावलं नाही, कारण जानेवारी उलटायच्या आधीच सांगितलं होतं.

दुसरं म्हणजे ही सूचना फक्त नव्या व्हिडिओत ठेवू नका. लोक सर्चमधून जुन्यावर येतात, माझ्याकडे कामगंध सापळ्याच्या व्हिडिओवर, तर तिथंच दोन ओळींची कमेंट पिन केली. मेंबरशिप असेल तर पॉज करा, नाहीतर तुम्ही गप्प आणि लोकांचे पैसे दर महिन्याला कटत राहतात, त्यानंच माणूस चिडते.

आता राहिलेलं. बाबांचं सांगायच्या आधी बाबांना विचारलं होतं, दवाखान्यातला फोटो त्यांनी नको म्हटला, टाकला नाही. रविवार दोन चुकलेच माझे. थोडे लोक गेलेही, नाही म्हणत नाही. आणि सहा महिने व्हिडिओ नाही, पोस्टही नाही असं झालं तर यूट्यूब कमाई बंद करू शकते, तेव्हा लांबलं तर मधात एखादी पोस्ट टाका.

मेहुण्यानं हे वाचलं तर ते दोन जुने व्हिडिओ आधी डिलीट कर म्हणा, पासवर्ड त्याच्याकडेच आहे.