आधी कॉमन मीटर, मग सोलार: बेळगावच्या अपार्टमेंटचा हिशेब

प्रश्न: "आमचं शहापूरला २८ फ्लॅटचं अपार्टमेंट आहे. गच्चीवर सोलार बसवायचं ठरतंय. एक एजन्सी १५ किलोवॅट घ्या म्हणते, तीन वर्षांत पैसे फिटतील म्हणते. कोल्हापूरचे मेहुणे म्हणतात उरलेली युनिटं जमा राहतात, म्हणून मोठंच बसवा. हेस्कॉमची परवानगी, विक्रेता निवडणं आणि पैसे वसूल व्हायला किती वर्षं लागतात, हे कुणी स्वतः केलेलं असेल तर सांगा."

उत्तर:

टिळकवाडीतल्या आमच्या ३२ फ्लॅटच्या अपार्टमेंटमध्ये हे काम मी सेक्रेटरी म्हणून केलं आहे. तुमच्या गच्चीसाठी १५ किलोवॅट बहुतेक जास्त होईल. आम्हालाही तेवढंच सुचवलं होतं, आम्ही १० घेतलं. का घेतलं ते आकड्यांनिशी सांगतो.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा की सोलार फ्लॅटच्या मीटरसाठी नाही, कॉमन मीटरसाठी बसवायचं आहे. कर्नाटकात गृहज्योतीमुळे बऱ्याच घरांचं २०० युनिटांच्या आतलं बिल तसंही शून्यावर आलेलं आहे, तिथे सोलारने वाचणार काय? लिफ्ट, बोअरचा पंप, वरच्या टाकीचा पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे यांचं बिल मात्र दर महिन्याला मेंटेनन्समधून जातं. तेच कमी करायचं आहे. त्यासाठी कॉमन मीटरची मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा, त्यातले युनिट एका कागदावर उतरवा आणि मंजूर लोड बघून ठेवा. मंजूर लोडपेक्षा मोठं सोलार बसवायचं तर आधी लोड वाढवावा लागतो, आणि लोड वाढला की स्थिर आकारही वाढतो. हा आकार सोलारने कमी होत नाही.

तेच बिल हातात असताना वरचं नावही वाचा. आमचे चार महिने तिथेच गेले. इमारत होऊन नऊ वर्षं झाली होती, असोसिएशन नोंदवलेली होती, पण कॉमन मीटर अजून बिल्डरच्या नावावर होता. अर्ज आरआर नंबरवरून होतो आणि सरकारी अनुदान असोसिएशनच्या खात्यात यायचं असतं, त्यामुळे नाव, पॅन आणि बँक खातं जुळायलाच हवं. बिल्डरची सही मिळवून नाव बदलेपर्यंत पावसाळा आला. तुम्ही कोटेशन मागवण्याआधीच हे उरकून घ्या. टॅरिफ घरगुती लागलं आहे ना, हेही त्याच वेळी बघा.

आता मेहुण्यांचं बोलणं. ते चूक नाही, पण ते महावितरणचं आहे. तिकडे एका महिन्यात उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात ओढता येतात आणि मार्चअखेरीला हिशेब होतो. आपल्याकडे हेस्कॉम दर महिन्याचा हिशेब त्याच महिन्यात मिटवते. महिन्यात तुम्ही दिलेली वीज घेतलेल्या विजेपेक्षा जास्त झाली, तर वरच्या युनिटांचे पैसे कर्नाटकच्या वीज नियामक आयोगाने, म्हणजे केईआरसीने, ठरवलेल्या दराने मिळतात. अनुदान घेतलेल्या सोलारला हा दर आणखी कमी असतो, आपण वीज घेतो त्याच्या निम्म्याहूनही कमी. उन्हाळ्यात जास्त झालेली वीज जुलैसाठी साठून राहत नाही. आणि आपला जुलै कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको, सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही.

आमचा कॉमन मीटर महिन्याला सरासरी १,०५० युनिट खातो. १० किलोवॅटचं आम्ही धरलेलं गणित असं होतं: मार्चमध्ये साधारण १,३५० युनिट, जानेवारी-फेब्रुवारीत १,२०० च्या आसपास, जुलैत जेमतेम ६५० आणि ऑगस्टमध्ये ७००. वर्षाची बेरीज १२,८००. त्यातली ११,५५० युनिटं आमच्याच वापरात वळती होतात, १,२५० तेवढी उरतात. वाचलेल्या युनिटला कर धरून साडेसहा रुपये आणि उरलेल्याला अडीच रुपये धरले, तर वर्षाला सुमारे ७८ हजार. पॅनेल धुण्याचे आणि किरकोळ दुरुस्तीचे ६ हजार वजा केले की ७२ हजार हातात. खर्च ५ लाख ६० हजार होता. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत हाउसिंग सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटला १८ हजार अनुदान आहे, म्हणजे १ लाख ८० हजार. पदरचे ३ लाख ८० हजार, भागिले ७२ हजार, सव्वापाच वर्षं.

हेच गणित १५ किलोवॅटला लावून बघा. उत्पादन १९,२०० होतं, पण आपल्या वापरात जाणारी युनिटं फक्त १२,५२५ वर पोचतात, कारण त्यापुढे खाणारा मीटरच नाही. बाकी ६,६७५ अडीच रुपयांनी जातात. वरच्या ५ किलोवॅटला अनुदान जाऊन १ लाख ८० हजार जास्त लागत होते आणि त्यातून वर्षाला जेमतेम २० हजार वाढत होते. म्हणजे त्या वाढीव भागाचे पैसे फिटायला नऊ वर्षं. एजन्सीने तीन वर्षं सांगितली ती सगळी युनिटं पूर्ण दराने धरून. आणि घरमालकाला तीन किलोवॅटला ७८ हजार अनुदान मिळतं, तो आकडा सोसायटीच्या कोटेशनमध्ये धरलेला असेल तर तिथेच विक्रेत्याला थांबवा.

गच्चीचं म्हणाल तर साडेपाचशे वॅटचे १८ पॅनेल बसले. मधल्या वाटा धरून हजारभर चौरस फूट जागा लागली, तोंड दक्षिणेला, उतार साधारण १५ अंश. जागेपेक्षा सावली जास्त छळते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता खडू घेऊन वर गेलो आणि लिफ्टच्या खोलीची, टाकीची सावली स्लॅबवर आखून काढली. तेव्हा सूर्य सर्वांत खाली असतो, सावली सर्वांत लांब पडते. विक्रेत्याच्या नकाशातले चार पॅनेल चारच्या रेषेत पूर्ण बुडालेले निघाले. पॅनेल माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एकावर सावली आली की नुकसान त्या एकापुरतं राहत नाही. ते चार पॅनेल आम्ही पूर्वेच्या बाजूला हलवून घेतले. खडूच्या रेषांचे फोटो मोबाइलवर होते, म्हणून वाद झाला नाही.

दुसरा प्रश्न गळतीचा. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सभेत सरळ विचारलं, "माझ्या बेडरूमवर भोकं पाडणार काय?" त्यांचं बरोबर होतं. कोब्याला ड्रिल मारलं की बेळगावच्या पावसात पाणी शिरतंच. आम्ही करारात लिहून घेतलं की पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभे राहतील, कोब्याला भोक पडणार नाही, आणि वाऱ्यासाठी ठोकळ्यांच्या वजनाचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीने मिळेल. तेव्हाच काकूंनी ठरावावर सही केली.

विक्रेते तिघे बोलावले, तिघांना एकच कागद दिला: १० किलोवॅट, अनुदानाला लागणारे भारतीय सेल असलेले पॅनेल, हॉट-डिप गॅल्वनाइज्ड स्ट्रक्चर, जीएसटी आणि येणारी-जाणारी वीज वेगवेगळी मोजणाऱ्या नेट मीटरचा खर्च धरून एकच रक्कम. एकाचा दर ६० हजारांनी कमी होता. विचारल्यावर कळलं की त्याचे पॅनेल बाहेरच्या सेलचे होते, म्हणजे १ लाख ८० हजारांचं अनुदानच गेलं असतं. ज्याला काम दिलं त्याचा दर मधला होता. पण त्याने खानापूर रोडवरच्या एका इमारतीतलं तीन वर्षांपूर्वीचं काम दाखवलं आणि तिथल्या वॉचमनच्या मोबाइलवर रोजचा आकडा उघडून दाखवला. पैसे टप्प्यांनी द्या. शेवटचे २० टक्के आम्ही नेट मीटर बसून वीज सुरू झाल्यावरच दिले.

परवानग्यांचं एवढं भय नको. सर्वसाधारण सभेचा ठराव, मग pmsuryaghar.gov.in वर अर्ज, विक्रेता तिथे नोंदलेलाच हवा. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला २०२४ च्या नियमदुरुस्तीनंतर वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही, त्यावरच्या अर्जाला ती होते. लहान आकार निवडायला हेही एक कारण होतं. कागद कन्नडमध्ये असतात, तेव्हा सेक्शन ऑफिसला जाताना कन्नड वाचणारा कुणीतरी बरोबर न्या. विद्युत निरीक्षकाचा दाखला तुमच्या कामाला लागेल का, ते तिथेच पहिल्या खेपेला विचारून घ्या.

पॅनेल बसल्यावर नेट मीटर येईपर्यंत चालू करायचं नाही, कुणी काहीही म्हणो. आमच्या इलेक्ट्रिशियनने "टेस्टिंगला" म्हणून चार दिवस चालू ठेवलं. बरेचसे जुने डिजिटल मीटर बाहेर गेलेली वीजही घेतल्यासारखीच मोजतात. त्या महिन्याचं बिल कमी व्हायच्या ऐवजी वाढलं.

आणि सभेत आधीच सांगा की लाइट गेली की सोलारही बंद होतं, लिफ्ट त्यावर चालणार नाही. सोलारचा इन्व्हर्टर ग्रिड नसताना थांबतो, कारण खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला गच्चीवरून शॉक बसू नये. तुमच्याकडे जनरेटर असेल तर सोलारची जोडणी चेंजओव्हर स्विचच्या हेस्कॉमच्या बाजूला घ्या. जनरेटरच्या बाजूला जोडलं तर इन्व्हर्टर त्यालाच ग्रिड समजून वीज ढकलतो, आणि त्यात जनरेटर जळू शकतो.

आम्ही लिफ्टशेजारी एक वही टांगली आहे, वॉचमन संध्याकाळी सहाला दिवसाचा आकडा लिहितो. फेब्रुवारीच्या स्वच्छ दिवशी ४३-४५ युनिट पडतात. ३८ च्या खाली आला की आधी सकाळी लवकर, काचा गार असताना, साध्या पाण्याने लाल धूळ धुवायची. दुसऱ्या दिवशीही आकडा वर आला नाही, तर एखादी माळ बंद पडली असं समजून विक्रेत्याला फोन करायचा. मागच्या वर्षी असाच एक सैल झालेला कनेक्टर तीन दिवसांत सापडला.