गोषवाऱ्याच्या फाइलमागे राहणारी मूळ यादी

प्रश्न: «क्लायंटने ग्राहकांची नावे, फोन आणि पत्ते असलेली एक्सेल फाइल मेलवर पाठवली आहे. मला भागवार विक्रीचा गोषवारा करून तो त्यांच्या जाहिरातीचे काम करणाऱ्या डिझायनरला द्यायचा आहे. नाव-फोन-पत्त्याचे कॉलम लपवून आणि शीटला पासवर्ड लावून पाठवले तर पुरेसे होईल का?»

पुरेसे होणार नाही. तुमच्या या प्रश्नात मला माझेच एक जुने काम दिसले, म्हणून सविस्तर लिहितो. संगणकाला पासवर्ड असावा, फाइल सार्वजनिक ठिकाणी उघडू नये वगैरे गोष्टी तुम्ही पाळत असाल असे धरून चालतो. मी वकील नाही, त्यामुळे कायद्याच्या बाजूने तुमच्या देशात काय लागू होते ते जाणकाराला विचारा; येथे मी फक्त फाइलचे काय होते ते सांगतो.

कॉलम लपवणे हा केवळ दिसण्याचा बदल आहे. डेटा जागच्या जागी असतो आणि शेजारचे दोन कॉलम निवडून `Unhide` म्हटले की तो परत येतो. शीटला लावलेला पासवर्डही संपादन रोखण्यासाठी आहे, गुप्ततेसाठी नाही. त्याने फाइलमधला मजकूर एन्क्रिप्ट, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारा, होत नाही. एन्क्रिप्शन हवे असेल तर `File > Info > Protect Workbook > Encrypt with Password` हा वेगळा मार्ग आहे, आणि तो .xlsx फाइलसाठी चांगला आहे, पण पासवर्ड डिझायनरला दिला की त्याच्यापुढे पुन्हा सगळी यादी उघडी. एन्क्रिप्शन वाटेत फाइल चोरणाऱ्याला अडवते. ज्याला यादीची गरजच नाही अशा माणसाला ती देणे त्याने सुरक्षित होत नाही.

खरा धोका मात्र लपवलेल्या कॉलमपेक्षा पिव्हट टेबलमध्ये, म्हणजे यादीवरून आपोआप बेरजा मांडणाऱ्या एक्सेलच्या तक्त्यात आहे, कारण तिथे कॉलम दिसतही नाही आणि लपवलेलाही नसतो. तुम्ही यादीवरून पिव्हट केलात, त्यात भाग आणि एकूण रक्कम एवढेच ठेवलेत, मग ते टेबल नव्या वर्कबुकमध्ये नेऊन मूळ यादीचे शीट मागेच ठेवलेत, असे समजा. पडद्यावर फक्त भागांची नावे आणि बेरजा दिसतात. पण पिव्हट टेबल स्वतःसोबत मूळ ओळींची एक प्रत बाळगते, तिला पिव्हट कॅशे म्हणतात, आणि टेबल नव्या वर्कबुकमध्ये गेले तरी ती सोबत जाते. समोरच्याने एखाद्या बेरजेवर दोनदा क्लिक केले की त्या बेरजेमागच्या सर्व ओळी, न घेतलेल्या कॉलमांसह, नव्या शीटवर उभ्या राहतात.

हे नुसते शक्यतेच्या पातळीवरचे बोलणे नाही. लंडनच्या केन्सिंग्टन अँड चेल्सी परिषदेने पत्रकारांना रिकाम्या घरांची आकडेवारी अशाच टेबलातून पाठवली, त्यामागे ९४३ घरमालकांची नावे निघाली आणि २०१८ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने परिषदेला १,२०,००० पौंड दंड केला. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाने माहिती-अर्जाला दिलेल्या उत्तरात एक लपलेले शीट तसेच राहिले आणि ९,४८३ अधिकारी-कर्मचाऱ्यांची आडनावे, आद्याक्षरे, हुद्दे व कामाची ठिकाणे बाहेर गेली. दोन्ही ठिकाणी कोणी चोरी केली नव्हती; संस्थांनी स्वतःच्या हाताने फाइल पाठवली होती.

आता तुमच्या कामापुरते काय करायचे ते क्रमाने सांगतो. मूळ यादीत ग्राहक क्रमांक, नाव, फोन, पत्ता, भाग, तारीख आणि रक्कम असे सात कॉलम आहेत असे समजू. गोषवाऱ्यासाठी यातले शेवटचे तीनच लागतात. म्हणून सर्वप्रथम क्लायंटला लिहा की या कामासाठी भाग, तारीख आणि रक्कम एवढेच पाठवावे. पुष्कळदा क्लायंट सगळी यादी पाठवतो ती केवळ सवयीने, आणि विनंती केली तर दहा मिनिटांत छोटी फाइल मिळते. तशी मिळाली तर पुढची निम्मी काळजी संपते, आणि आधी आलेली मोठी फाइल तुम्ही मेलमधून, डाउनलोड फोल्डरमधून आणि दोन्हीकडच्या कचरापेटीतून काढून तसे क्लायंटला कळवू शकता.

छोटी फाइल मिळाली नाही, तर गोषवारा तयार झाल्यावर तेवढे आकडे निवडून नव्या, रिकाम्या वर्कबुकमध्ये `Paste Special > Values` ने चिकटवा. सूत्रे नेऊ नका. दुसऱ्या फाइलमध्ये शोधणारे व्हीलुकअप सूत्र नेले, तर जिथे शोध घ्यायचा त्या पट्ट्यातील मूल्येही एक्सेल नव्या फाइलमध्ये साठवून ठेवू शकते, आणि तो पट्टा बहुधा ग्राहकांची यादीच असतो. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाइल, हा चांगला पर्याय आहे, कारण त्यात पिव्हट कॅशे किंवा दुसरे शीट मावतच नाही, मात्र लपवलेले कॉलम आणि फिल्टरने झाकलेल्या ओळी सीएसव्हीमध्येही जातात. म्हणून आधी कॉलम खरोखर पुसा, मगच निर्यात करा. (जाता जाता: फोन क्रमांक असलेली सीएसव्ही एक्सेलमध्ये थेट उघडली की सुरुवातीचे शून्य गळते. आयात करताना त्या कॉलमचा प्रकार `Text` ठेवा.)

पाठवण्यापूर्वी तपासणी करा, आणि ती डोळ्यांनी नको. एक्सेलमधला `Inspect Document` लपलेले शीट व कॉलम दाखवतो, तेवढ्यापुरता तो वापरावा, पण माझा त्याच्यावर पूर्ण भरवसा नाही, कारण पिव्हट टेबल आढळल्याचे तो सांगतो, ते दुरुस्त करणे तुमच्यावरच सोडतो. .xlsx ही मुळात झिप फाइल असते, त्यामुळे मूळ यादीतील एखादे न चुकणारे आडनाव घेऊन मॅक किंवा लिनक्सच्या टर्मिनलवर आत शोधता येते:

```
unzip -l goshwara.xlsx
unzip -p goshwara.xlsx | grep -c "आडनाव"
```

अवतरणातील शब्दाच्या जागी यादीतले खरे आडनाव टाका. पहिल्या आज्ञेच्या यादीत `xl/pivotCache` किंवा `xl/externalLinks` दिसले तर फाइल पाठवू नका. दुसऱ्या आज्ञेचे उत्तर 0 आले पाहिजे. यादीच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे अशी तीन आडनावे घेऊन पाहा. विंडोज असेल किंवा आज्ञा वापरण्याची सवय नसेल तर फाइलच्या प्रतीला .zip नाव द्या आणि उघडून हेच फोल्डर शोधा. गूगल शीटवर काम करत असाल तर कॉलम पुसल्यावरही जुनी आवृत्ती इतिहासात राहते आणि संपादनाचा अधिकार असलेल्याला ती पाहता येते. तेव्हा तीच शीट शेअर न करता, फक्त मूल्ये चिकटवलेली नवी शीट करून ती द्या.

एका प्रलोभनापासून सावध करतो. पुढे कधी प्रत्येक ग्राहक वेगळा ओळखता येणे गरजेचे असेल, तेव्हा «फोन क्रमांकाचा हॅश काढून ओळखपत्रासारखा वापरू» असा सल्ला कोणी देईल. हॅश म्हणजे ठरलेल्या गणिती क्रियेने क्रमांकापासून काढलेली खूण; त्याच क्रमांकाची खूण दर वेळी तीच येते. दहा अंकी क्रमांकाच्या शक्यता जास्तीत जास्त एक हजार कोटी. साध्या संगणकावरही त्या सगळ्यांचे साधे हॅश काढून जुळवणे फार वेळाचे काम नाही. त्याऐवजी यादृच्छिक क्रमांक द्या, आणि कोणता क्रमांक कोणाचा याची जोडयादी क्लायंटकडेच राहू द्या.

आता ज्या कारणाने मी हे लिहायला बसलो ते सांगतो. एका क्लायंटच्या कार्यालयाने छपाईचे काम करणाऱ्याला स्वतःच फाइल पाठवली आणि मला फक्त प्रत दिली. «वैयक्तिक माहिती काढली आहे» असे मेलमध्ये लिहिले होते. मी उघडून पाहिले तर फोन आणि पत्त्याचे कॉलम केवळ लपवलेले होते. मी त्याच दिवशी लेखी कळवले की छपाईवाल्याला फाइल पुसायला सांगा आणि नवी पाठवा. उत्तर आले की कॉलम दिसत नाहीत, तेव्हा प्रश्नच येत नाही. मी दुसऱ्यांदा लिहिले तेव्हा तो विषय दुसऱ्या विभागाचा असल्याचे कळवले गेले, त्या विभागाने पुन्हा पहिल्याकडे बोट दाखवले, आणि फाइल परत मागवण्याचा निर्णय घेणारा माणूस कोण, हे त्या कार्यालयात शेवटपर्यंत कोणीही सांगितले नाही. पुढे काही ग्राहकांनी अनोळखी फोन येत असल्याची तक्रार केली. ते फोन त्या फाइलमुळेच आले असे मी म्हणू शकत नाही, पण यादी ज्यांच्याकडे होती त्या सर्वांवर संशय आला, माझ्यावरही आला, आणि माझे अखेरचे बिल कित्येक महिने अडकले. लोकांचे राहते पत्ते कुणा तिसऱ्याच्या संगणकावर पडून आहेत हे सांगूनही पुढचा फोन कोणी उचलत नाही, याचा मला आजही संताप येतो. मला वाचवले ते पहिल्या दिवशीच्या मेलने, कारण त्यावर तारीख, फाइलचे नाव आणि कॉलमांची नावे होती.

म्हणून काम घेतानाच क्लायंटकडून एक नाव लिहून घ्या: फाइल चुकून बाहेर गेली तर कोणाला कळवायचे आणि पुसण्याचा आदेश कोण देणार. माझ्या मते हे नाव मिळत नसेल तर यादी स्वीकारूच नये, मग काम गेले तरी चालेल. हे मत सर्वांना पटणार नाही, याची मला कल्पना आहे. शक्य असेल तर वेळेची अटही लिहून घ्या. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या नियमात, मोजके अपवाद सोडता, मूळ संस्थेला अशी घटना कळल्यापासून ७२ तासांत नियामकाला कळवावे लागते, आणि तिच्यासाठी डेटा हाताळणाऱ्याने संस्थेला विनाविलंब सांगायचे असते. तुम्हाला तो नियम लागू नसला तरी करारात लिहिण्यासाठी ७२ तास ही वापरण्याजोगी मुदत आहे.

डिझायनरबद्दल शेवटचे. त्याला भागवार आकडे लागतात एवढेच तुम्ही लिहिले आहे, पण पाकिटे किंवा पत्त्याची लेबले करायची असतील तर तो नमुन्यादाखल खरे पत्ते मागेल. ते देऊ नका. लेबलच्या मांडणीसाठी त्याला मजकुराची लांबी हवी असते, माणसे नव्हेत. मूळ यादीत `LEN` सूत्राने सर्वांत लांब नाव आणि सर्वांत लांब पत्ता केवढा आहे ते पाहा, तेवढ्याच लांबीच्या आठ-दहा बनावट ओळी तयार करा, त्यात एक जोडाक्षरांनी भरलेले नाव आणि एक अगदी छोटे नाव ठेवा, आणि तेवढ्या द्या. खरी यादी छपाईच्या वेळी क्लायंटने थेट छपाईवाल्याला द्यावी, तुमच्यामार्फत नको.