दोन रिग्रेशन रेषा आणि सहसंबंध गुणांक

प्रश्न: y = a + bx हे समीकरण फिरवून x काढता येतो, तर मग x ची y वरील रेषा वेगळी कशाला? आणि दोन समीकरणे दिली, तर कोणती कुठली हे कसे ओळखायचे?

समीकरण फिरवता येते, परंतु त्यातून मिळणारा x हा उत्तम अंदाज नसतो. y ची x वरील रेषा काढताना आपण बिंदूंची रेषेपासूनची उभी अंतरे घेऊन त्यांच्या वर्गांची बेरीज किमान करतो. X ची y वरील रेषा काढताना आडवी अंतरे घेतो. चूक कुठल्या दिशेने मोजली हेच बदलल्यामुळे रेषाही बदलते.

कोल्हापुरात बी.एस्सी.च्या वर्गाला मी हे कल्पित गुणांवरून समजावतो. x म्हणजे 20 पैकी अंतर्गत गुण, सरासरी 10; y म्हणजे 40 पैकी लेखी गुण, सरासरी 20. रेषा अशा आहेत:

```
y = 1.2x + 8
x = 0.3y + 4
```

अंतर्गत परीक्षेत 15 गुण मिळवणाऱ्यांच्या लेखी गुणांचा अंदाज 26 येतो. आता उलट, लेखीत 26 मिळवणारे घ्या: पहिले समीकरण फिरवले तर त्यांचे अंतर्गत गुण 15 येतील, परंतु दुसरी रेषा 11.8 सांगते. सरासरीपेक्षा 5 ने पुढे असलेले अंतर जाऊन-येऊन 1.8 उरले, म्हणजे 0.36 पट झाले, आणि 1.2 × 0.3 हा गुणाकारही 0.36 च आहे. हाच सहसंबंध गुणांक r चा वर्ग, म्हणजे r², म्हणून r = 0.6.

याचे कारण सूत्रांतच आहे. y च्या x वरील रेषेचा गुणांक b_yx = r·σy/σx आणि x च्या y वरील रेषेचा b_xy = r·σx/σy; गुणाकारात σx, σy ही प्रमाण विचलने निघून जातात आणि r² उरतो. r चे चिन्ह या दोन्ही गुणांकांचेच घ्यायचे, कारण ती चिन्हे नेहमी सारखी असतात. मुले वर्गमूळ काढून सवयीने धन चिन्ह लिहितात. तिथे हमखास गुण जातात.

परीक्षेत हीच समीकरणे 6x − 5y + 40 = 0 आणि 10x − 3y − 40 = 0 अशी, कोणती कुठली हे न सांगता दिली जातात. पहिली x ची y वरील आणि दुसरी y ची x वरील मानली, तर गुणांक 5/6 आणि 10/3 येतात; गुणाकार सुमारे 2.78, आणि r² एकपेक्षा मोठा असू शकत नाही, म्हणून निवड उलट करायची. आलेखावर x ची y वरील रेषा नेहमी अधिक उभी दिसते, कारण तिचा चढ b_xy नसून 1/b_xy, म्हणजे इथे 3.33 असतो. दोन्ही रेषा (10, 20) या सरासरी बिंदूत छेदतात. r = ±1 असेल तरच त्या एकमेकींवर पडतात, आणि तेवढ्याच वेळी समीकरण फिरवणे चालते; r = 0 असेल तर एक आडवी आणि दुसरी उभी होते.

दोन गुणांकांची चिन्हे वेगळी आली, तर निवड बदलून उपयोग नाही: गणित मांडतानाच चूक झाली आहे किंवा प्रश्नच चुकीचा छापला आहे.