बॉक्सप्लॉट: मिशी कुठे थांबते?

आर या संगणकभाषेतला mtcars हा तयार विदासंच घ्या, त्यातली 32 गाड्यांची अश्वशक्ती. पेटीत मधल्या निम्म्या गाड्या येतात: तिची खालची कड 96.5, वरची 180. म्हणजे पेटीची उंची 83.5. तिची दीडपट 125.25. ती 180 मध्ये मिळवली की वरचं कुंपण, म्हणजे संशयाची सीमा, 305.25 वर येतं. खालचं ऋण निघतं, तिकडे बघूच नका.

नवखे दोन ठिकाणी हमखास चुकतात:

- मिशी, म्हणजे पेटीतून निघणारी रेघ, कुंपणापर्यंत काढतात. ती कुंपणाच्या आतल्या शेवटच्या खऱ्या गाडीवर थांबते, इथे 264 वर.
- बाहेरचा ठिपका दिसला की खोडतात. इथला एकमेव ठिपका 335 ची मासेराती बोरा. स्पोर्ट्स कारच ती, असणारच! नियम फक्त संशयित दाखवतो; आकडा टंकताना चुकलाय का ते मूळ नोंदीत तपासा, चुकला नसेल तर राहू द्या.