विरजणातले जीवाणू नेमके काय करतात? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पेलाभर दूध प्यायले की तासाभरात पोट फुगते, गुडगुडते. वाटीभर दही मात्र निवांत पचते. पण कढी झाली की पुन्हा तोच त्रास! दही तर तेच असते ना? — एक वाचक, नौपाडा, ठाणे

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचवण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे विकर लागते आणि आपल्याकडे पुष्कळ लोकांमध्ये बालपण सरल्यावर ते कमी होत जाते. हा आजार नव्हे. न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जीवाणू त्यावर ताव मारतात आणि वायू तयार होतो. तुमची गुडगुड ती हीच.

दह्यात जीवाणूंनी लॅक्टोज संपवलेले असते म्हणून दही पचते, असा सर्वसाधारण समज आहे, पण तो अर्धाच खरा आहे. दोनशे मिलिलिटर दुधात नऊ ते दहा ग्रॅम लॅक्टोज असते. त्याचे दही लावल्यावर साधारण पाव हिस्सा आम्लात रूपांतरित होतो, म्हणजे सात ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज शिल्लक राहते. एवढ्याशा घटीने तुमच्या पोटाला इतका फरक पडला नसता. खरे काम पुढे होते. दह्यातल्या जीवाणूंच्या पेशींमध्ये लॅक्टोज फोडणारे त्यांचे स्वतःचे विकर असते. जठरातल्या तीव्र आम्लात ते उघडे पडले असते तर निकामी झाले असते, परंतु दह्याचा घट्ट गोळा आम्लाची धार बोथट करतो आणि जीवाणूची पेशीभित्ती आतल्या विकराला सांभाळते. पुढे लहान आतड्यात पित्तरसाने ती भित्ती सैल पडते, विकर लॅक्टोजपर्यंत पोहोचते आणि जे काम तुमच्या आतड्याला झेपत नाही ते जीवाणूचे विकर करून टाकते. या खटाटोपात जीवाणू बहुधा मरतोच. उपयोग होतो तो त्याच्या वस्तीचा नव्हे, तर त्याने आणलेल्या शिदोरीचा.

ही गोष्ट नीट मोजली गेलेली आहे. 1984 साली अमेरिकेत झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात लॅक्टोज न पचणाऱ्या लोकांना अठरा ग्रॅम लॅक्टोज एकदा दुधातून आणि एकदा दह्यातून दिले व त्यांच्या श्वासातला हायड्रोजन मोजला, कारण न पचलेल्या साखरेपासून आतड्यात तयार होणारा हायड्रोजन काही प्रमाणात श्वासावाटे बाहेर येतो. दह्यानंतर तो दुधाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश भरला. प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा मात्रेत घेतल्यावर आरोग्याला फायदा करणारे जिवंत जीवाणू. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यांच्याबद्दलचे बहुतेक दावे नाकारले, पण 2010 मध्ये हा एक दावा मान्य केला. त्याला अट घातली, ती अशी की दर ग्रॅम दह्यात किमान दहा कोटी जिवंत जीवाणू हवेत. घरी ताज्या लावलेल्या चांगल्या दह्यात ही संख्या सहसा गाठली जाते.

आता कढी. उकळी येण्याच्या कितीतरी आधीच जीवाणू मरतात आणि त्यांचे विकरही मोडते, त्यामुळे कढीत लॅक्टोज राहते आणि ते पचवणारा मदतनीस जातो, हे खरे. तरीही घाईने दह्याला दोष देऊ नका. एका वाटी दह्याला दोन वाट्या पाणी धरले, तर दोनशे मिलिलिटर कढीत सत्तर ग्रॅमच्या आसपास दही येते आणि त्यात अडीच ग्रॅमच्या आतबाहेर लॅक्टोज असते. लॅक्टेज कमी असलेली बहुतेक माणसे एका बैठकीत बारा ग्रॅमपर्यंत लॅक्टोज फारशी तक्रार न करता सोसतात. मग फुगते कशाने? माझा संशय बेसनावर आहे. हरभऱ्यात रॅफिनोज वर्गातल्या शर्करा असतात, त्या कोणाच्याच लहान आतड्यात पचत नाहीत आणि थेट मोठ्या आतड्यातल्या वायू करणाऱ्या जीवाणूंच्या हाती लागतात. एकदा तेवढ्याच दह्याची कढी बेसनाऐवजी चमचाभर तांदळाचे पीठ लावून करून पाहा. त्रास झाला नाही, तर दही निर्दोष सुटले.

दह्याच्या पदार्थांत खरी काळजी घ्यायची ती फ्रिजबाहेर महिनोन्‌महिने टिकणाऱ्या बंद खोक्यातल्या लस्सीची. टिकण्यासाठी ती आंबवल्यानंतर पुन्हा तापवलेली असते. दोनशे मिलिलिटर एका दमात पोटात जाते, साखर दुधातली आणि वरून घातलेली अशी दोन्ही प्रकारची असते आणि जिवंत काही नसते.

रात्री ठेवलेले इडलीचे पीठ सकाळी दुप्पट फुगलेले असते, भांड्याबाहेर येते. इतके जिवंत पीठ, मग इडलीला प्रोबायोटिक म्हणायला हरकत काय? — एक वाचक, नेरुळ

हरकत आहे, आणि ती तुमच्या इडलीपात्रात आहे. इडली दहा-बारा मिनिटे वाफेवर असते आणि तेवढ्यात तिच्या गाभ्याचे तापमान जवळजवळ शंभर अंशांवर जाते. आंबवणारे जीवाणू यातून वाचत नाहीत. तव्यावरच्या डोशाचे आणि आंबोळीचेही तेच. जेवढे काम करायचे ते त्यांनी रात्रीच भांड्यात उरकलेले असते.

पण ते काम किरकोळ नाही. उडदाच्या डाळीबरोबर आलेला ल्यूकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस हा जीवाणू सुरुवातीलाच जोर धरतो. तो साखरेतून आम्लाबरोबरच कार्बन डायऑक्साइडही सोडतो. उडदाचा चिकट गर हा वायू बुडबुड्यांच्या रूपाने धरून ठेवतो, म्हणून नुसत्या तांदळाचे पीठ आंबते पण असे फुगत नाही. आंबटपणा वाढत गेला की आम्ल सोसणारे दुसरे जीवाणू पुढे येतात. याच काळात डाळीतल्या वायूकारक शर्करांचा काही भाग जीवाणू खाऊन टाकतात आणि धान्यातले फायटेट घटते. फायटेट लोह आणि जस्त पकडून ठेवते, त्यामुळे ते कमी झाले की हे क्षार शरीराला मिळणे सोपे होते. हा फायदा शिजवल्याने जात नाही. इडली हलकी लागते त्याचे श्रेय याला द्यावे, पोटात न पोहोचलेल्या जीवाणूंना नव्हे. मेलेल्या जीवाणूंनाही ‘पोस्टबायोटिक’ असे नाव आता प्रचारात आले आहे, पण ते लावण्यासाठीसुद्धा त्या विशिष्ट पदार्थाचा आरोग्याला झालेला फायदा दाखवावा लागतो.

म्हणूनच सोडा घालून तासाभरात केलेली इडली दिसायला सारखी असली तरी वेगळी असते. वायू मिळतो, रात्रीचे काम होत नाही. विकतच्या पिठाच्या बाबतीत शंका असेल तर पिठात चमचा बुडवून उचला. आंबलेल्या पिठाला आतपर्यंत जाळी दिसते आणि स्वच्छ आंबूस वास येतो, तर सोड्याने फुगवलेल्याची इडली किंचित पिवळसर होते आणि जिभेवर साबणासारखी चव रेंगाळते. आपल्याकडे जुलैत हे पीठ आठ तासांत तयार होते, जानेवारीत बारा-चौदा लागतात.

पीठ आंबवून शिवाय जिवंत जीवाणूही हवे असतील, तर नाचणीची आंबील पाहा. पीठ शिजवून कोमट झाल्यावर त्यात ताक ओततात. जे मरायचे ते आधी मेलेले असते आणि ताकातले जिवंत राहते.

महागडे ‘प्रोबायोटिक’ दही आणले. त्याचा चमचा कोमट दुधात घातला तर बारा तासांनीही धड लागले नाही. म्हणजे आत काहीच जिवंत नाही, फसवणूक झाली ना? — एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

असा निष्कर्ष काढू नका. विरजण लागणे म्हणजे लॅक्टोजपासून झपाट्याने आम्ल तयार होणे. दुधाचा सामू साधारण 6.6 असतो, तो 4.6 च्या जवळ आला की केसीन प्रथिने एकमेकांना चिकटतात आणि दूध घट्ट होते. हे स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस यांच्या जोडीला उत्तम जमते. परंतु जगात ज्याच्यावर सर्वांत जास्त संशोधन झाले आहे त्या प्रोबायोटिक जीवाणूंपैकी एक, लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी, लॅक्टोज वापरूच शकत नाही. तो एकटा दुधात सोडला तर दही लागण्याची वाट पाहत बसावे लागेल. उलट, तुमच्या शेजाऱ्यांकडचे घरगुती विरजण चार तासांत सुरी लावून कापावे असे दही लावेल, पण त्याला प्रोबायोटिक म्हणता येणार नाही, कारण त्यातले नेमके जीवाणू कोणते आणि त्यांनी कोणाचे काय भले केले, हे कोणी तपासलेले नाही. विरजणाची चाचणी एवढेच सांगते की आम्ल करणारे कोणीतरी जिवंत आहे.

दुधाची चूकही असू शकते. आधी खात्री करा की ते चाळीस अंशांच्या आसपास होते, म्हणजे करंगळी बुडवून दहापर्यंत मोजता येईल इतके कोमट. चटका बसण्याइतके गरम दूध विरजण मारून टाकते.

मुलाला अँटिबायोटिक सुरू आहे. सासूबाई म्हणतात दहीभात दे, औषधाच्या दुकानदाराने प्रोबायोटिकची पुडी दिली. दोन्ही द्यावे का? — एक वाचक, ऐरोली

दहीभात द्या. तो अन्न म्हणून चांगला आहे. दह्यातले बहुतेक जीवाणू त्याच अँटिबायोटिकने मरू शकतात, म्हणून त्यांच्याकडून औषधाची अपेक्षा ठेवू नका. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन असेल, तर दह्यातला कॅल्शियम त्यांना बांधून ठेवतो आणि औषध रक्तात कमी जाते. अशा वेळी दही आणि गोळी यांच्यात किती अंतर ठेवायचे हे डॉक्टरांना विचारून घ्या.

पुडीचे उत्तर तिच्यावरच्या नावावर अवलंबून आहे. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळण्यासाठी काही ठरावीक प्रकार पुरेशा मात्रेत दिल्यास मुलांना फायदा होतो, याला बऱ्यापैकी आधार आहे. मात्र साध्या संसर्गाच्या जुलाबांवर तोच दावा टिकला नाही. 2018 मध्ये अमेरिका आणि कॅनडात मुलांवर झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत प्रोबायोटिक आणि निष्क्रिय भुकटी यांच्यात फरक आढळला नाही. जीवाणू जिवंत होते, मात्रा पुरेशी होती, तरीही. जुलाबांत मीठ-साखर-पाण्याचे द्रावण आणि झिंक हेच आधी. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल किंवा मुलाची प्रतिकारशक्ती एखाद्या आजाराने वा औषधाने कमी झालेली असेल, तर पुडी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, कारण अशा रुग्णांत हेच जीवाणू रक्तात उतरल्याच्या नोंदी आहेत.

मग हे सगळे दावे फोलच म्हणायचे का? — एक वाचक, वाशी

नाही. ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांवर झालेली चाचणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. अंगावर पिणाऱ्या, पुरेशा वजनाच्या बाळांना लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक ठरावीक वाण आणि त्याला खाद्य म्हणून एक शर्करा, असे सात दिवस दिले. पहिल्या दोन महिन्यांत जंतुदोष किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण निष्क्रिय भुकटीच्या गटात नऊ टक्के होते, ते वाणाच्या गटात साडेपाच टक्क्यांच्या खाली आले. वाण एक, मात्रा ठरलेली, वय ठरलेले, आजार ठरलेला. दुसऱ्या वाणाला किंवा चाळिशीतल्या माणसाला या निकालाचा आधार घेता येत नाही.

म्हणून डबा हातात घेतल्यावर ‘पचनासाठी उत्तम’ ही ओळ सोडून द्या आणि जीवाणूचे पूर्ण नाव शोधा. प्रजाती आणि जाती यांच्या नावांनंतर येणारी अक्षरे किंवा आकडे हे त्या वाणाचे ओळखपत्र असते. त्यापुढे जिवंत जीवाणूंची संख्या किती आणि ती वापराच्या शेवटच्या तारखेपर्यंतची की भरतानाची, हे पाहा. नुसते ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिलेले असेल, तर तो डबा चांगले दही म्हणून घ्या आणि दह्याचीच किंमत मोजा.